सोळा चाचण्या, एक रात्र

हाताने लिहिलेली देवनागरी अक्षरं ओळखणारं छोटं न्यूरल नेटवर्क घडवायचं असेल, तर त्याला शिकवायचा मालमसाला तयार मिळतो. नेपाळमधल्या तीन संशोधकांनी 2015 मध्ये असा एक संग्रह खुला केला. त्यात 92,000 चित्रं आहेत आणि प्रत्येक चित्र 32 गुणिले 32 ठिपक्यांचं, काळं-पांढरं. 36 व्यंजनं आणि 10 अंक असे 46 वर्ग असून प्रत्येकाचे 2,000 नमुने आहेत. संग्रह नेपाळी लिखाणाचा असल्याने त्यात ‘ळ’ नाही, हे मराठी माणसाने आधीच लक्षात ठेवावं. 78,200 चित्रं शिकवण्यासाठी आणि 13,800 शेवटच्या परीक्षेसाठी, अशी वाटणीही करून दिलेली आहे.

नेटवर्क फार मोठं लागत नाही. चित्रातल्या रेघा आणि वळणं टिपणारे दोन थर, पहिल्यात 16 आणि दुसऱ्यात 32 गाळण्या, प्रत्येकानंतर चित्र निम्मं करणारी पायरी, मग 64 घटकांचा एक थर आणि शेवटी 46 उत्तरं. यातले बदलणारे आकडे, म्हणजे वेट्स, मोजले तर 1,38,926 भरतात. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा लॅपटॉपही हे ओझं उचलतो. हिशेबाच्या सोयीसाठी धरू, की सगळी चित्रं एकदा नजरेखालून घालायला, म्हणजे एका इपॉकला, त्याला एक मिनिट लागतं.

वेट्स नेटवर्क स्वतः शिकतं. पण काही आकडे ते शिकू शकत नाही, ते सुरू करण्याआधी आपण ठरवायचे असतात. एका पायरीत वेट्स किती हलवायची, एका वेळी किती चित्रं पाहून हलवायची, कधी थांबायचं. यांना हायपरपॅरामीटर म्हणतात आणि योग्य आकडे सांगणारं सूत्र कुठेही नाही. आकडे घालून बघायचे, एवढाच मार्ग. मोठ्या कंपन्या शेकडो यंत्रं लावून बघतात. आपल्याकडे एक लॅपटॉप आहे आणि रात्रीचे आठ तास, म्हणजे 480 इपॉक. प्रत्येक चाचणी 30 इपॉक चालवली तर 16 चाचण्यांत रात्र संपते. माझ्या मते खरा प्रश्न सर्वोत्तम आकडा कसा सापडेल हा नाहीच. वाईट आकड्यांवर वेळ कमीत कमी कसा जाईल, हा आहे.

पहिली गोष्ट, परीक्षेच्या 13,800 चित्रांना हात लावायचा नाही. शिकवण्याच्या 78,200 चित्रांतली दहावा हिस्सा, म्हणजे 7,820, बाजूला काढायची. याला व्हॅलिडेशन संच म्हणतात. आकड्यांची निवड याच्यावर करायची आणि उरलेल्या 70,380 चित्रांवर शिकवायचं. चित्रं वर्गवार रचलेली असतात, तेव्हा ही वाटणी आधी नीट पिसून करायची, नाहीतर बाजूला काढलेल्या ढिगात शेवटचे चार-पाच वर्गच येतील.

दुसरी तपासणी फुकटची आहे आणि तरीही बहुतेक जण ती करत नाहीत. काहीच न शिकलेलं नेटवर्क 46 उत्तरांना सारखीच शक्यता देतं. अशा वेळी लॉस, म्हणजे चुकीचं माप, 46 च्या नैसर्गिक लॉगरिदमइतकं असायला हवं, म्हणजे 3.83. सुरुवातीलाच लॉस 9 किंवा 15 दिसला, तर गडबड आकडे शोधण्याआधीचीच आहे. बहुधा चित्रांचे 0 ते 255 हे आकडे 0 ते 1 मध्ये आणायचे राहिलेले असतात. आणि अर्धा तास शिकवूनही लॉस 3.83 च्या आसपासच घुटमळत असेल, तर नेटवर्क अजूनही अंदाजपंचेच उत्तर देतंय. ही 3.83 ची खूण पुढेही कामाला येते.

आता बॅच साइज. एका वेळी किती चित्रं पाहून वेट्स हलवायची, तो हा आकडा. 32 चित्रांची बॅच घेतली तर एका इपॉकमध्ये सुमारे 2,200 वेळा वेट्स हलतात, 512 ची घेतली तर फक्त 138 वेळा. छोट्या बॅचमध्ये दिशेचा अंदाज थोड्या चित्रांवरून केलेला असतो, म्हणून तो कच्चा असतो, पण पावलं पुष्कळ पडतात. मोठ्या बॅचमध्ये अंदाज पक्का, पण पावलं मोजकी. पक्केपणाचा फायदा मात्र बॅचच्या प्रमाणात वाढत नाही. अंदाजातला गोंधळ निम्मा करायचा तर बॅच चौपट करावी लागते.

म्हणून बॅच साइज हा शोधायचा आकडा आहे असं मी मानत नाही. तो यंत्राला विचारून ठरवायचा. 16, 32, 64, 128, 256 अशा दुप्पट-दुप्पट बॅचवर नेटवर्कला शंभर-शंभर पायऱ्या चालवायचं आणि सेकंदाला किती चित्रं होतात ते मोजायचं. सुरुवातीला बॅच दुप्पट केली की वेग बराच वाढतो, कारण यंत्राचे गणिती भाग रिकामे बसलेले असतात. पुढे एका टप्प्यावर वाढ मंदावते. तिथे, किंवा एक घर आधी, थांबायचं. समजा आपल्या लॅपटॉपवर ही जागा 64 निघाली. एका इपॉकमध्ये 1,100 पायऱ्या झाल्या. दहा मिनिटांत हा विषय मिटतो आणि रात्रभर त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही याला कारण आहे. बॅच आणि लर्निंग रेट एकमेकांना बांधलेले असतात. फेसबुकच्या संशोधकांनी 2017 मध्ये फोटो ओळखणारं एक मोठं नेटवर्क 256 यंत्रभागांवर एका तासात शिकवून दाखवलं. त्यात त्यांनी बॅच 256 वरून 8,192 वर नेली, तेव्हा लर्निंग रेटही त्याच पटीत वाढवला आणि सुरुवातीचे काही इपॉक तो हळूहळू चढवला. साध्या पद्धतीच्या उताराला हा पटीचा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. अॅडमसारख्या पद्धतींना तो जसाच्या तसा लागत नाही, तिथे वाढ कमी ठेवावी लागते. मुद्दा असा, की एकच लर्निंग रेट ठेवून बॅच 32 आणि 512 ची तुलना केली आणि 32 जिंकली, तर त्यातून बॅचबद्दल काहीच कळत नाही. तो लर्निंग रेट 32 ला सोयीचा होता, एवढंच कळतं. अशा तक्त्यांनी भरलेले प्रकल्प-अहवाल कितीतरी सापडतील.

आणि लर्निंग रेट? एकच आकडा शोधायला वेळ असेल तर हाच शोधावा, असं योशुआ बेंजिओंनी 2012 च्या एका व्यवहारोपयोगी लेखात सांगून ठेवलंय आणि तेव्हापासून त्यावर फारसा वाद झालेला नाही. वेट्स कोणत्या दिशेला हलवायची ते गणित सांगतं, पण पाऊल किती लांब टाकायचं ते हा आकडा ठरवतो. फार छोटा असला तर नेटवर्क शिकतं, पण रात्र संपते. फार मोठा असला तर लॉस उसळतो, कधी `nan` होतो, आणि कधी काहीच नाट्य न होता पुन्हा 3.83 वर जाऊन सपाट बसतो. हा तिसरा प्रकार फसवा आहे, कारण पडद्यावर तो अगदी छोट्या लर्निंग रेटसारखाच दिसतो. फरक सुरुवातीच्या पायऱ्यांत कळतो. लर्निंग रेट छोटा असेल तर लॉस 3.83 वरून सावकाश का होईना पण उतरत राहतो. मोठा असेल तर पहिल्या काही पायऱ्यांत तो वर उडी मारतो, मग खाली येऊन निपचित पडतो. आतले बरेच घटक कायमचे शून्य उत्तर देऊ लागलेले असतात आणि त्यांना जागं करायला काही उरलेलं नसतं.

शोधायचा कुठे? 0.00001 पासून 1 पर्यंत कुठेही. एवढ्या पल्ल्यात बेरजेने चालून उपयोग नाही. वाण्याकडच्या वजनांचा संच आठवा. 50 ग्राम, 100, 200, 500, किलो. तो प्रत्येक वजन 50 ग्रामने वाढवत नेत नाही, पटीने वाढवतो, कारण 50 आणि 100 मधला फरक मोठा असतो आणि 950 ते 1,000 मधला किरकोळ. लर्निंग रेटचंही तसंच आहे. 0.001 आणि 0.002 यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो, 0.091 आणि 0.092 यांत काहीच पडत नाही. 0.0001 ते 0.1 मधून साधेपणाने चिठ्ठ्या काढल्या तर दर दहातल्या नऊ चिठ्ठ्या 0.01 च्या वरच निघतात आणि सगळा छोटा भाग जवळजवळ न पाहिलेलाच राहतो. म्हणून चिठ्ठी घातांकाची काढायची.

पण त्याआधी पल्लाच आवळता येतो. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या लेस्ली स्मिथ यांनी 2015 मध्ये सुचवलेली एक युक्ती आहे. त्यांनी लर्निंग रेट सरळ रेषेत चढवला होता, पुढे तो पटीने चढवायची रीत रुळली. एकच छोटी धाव घ्यायची आणि तिच्यात लर्निंग रेट स्थिर न ठेवता प्रत्येक पायरीला थोडा थोडा वाढवत न्यायचा. 300 पायऱ्यांत 0.00001 वरून 1 वर पोचायचं तर दर पायरीला सुमारे 4 टक्के वाढ पुरते. आपल्या बॅच 64 मध्ये 300 पायऱ्या म्हणजे पाव इपॉकहून किंचित जास्त, म्हणजे पंधरा-सतरा सेकंदांचं काम. लॉसचा आलेख काढला की गोष्ट उघड दिसते. आधी सपाट, मग उतार, मग झपाट्याने उतार आणि शेवटी एकदम उसळी. आलेख खडबडीत असतो, म्हणून शेजारच्या काही पायऱ्यांची सरासरी घेऊनच तो वाचायचा. समजा उसळी 0.03 च्या सुमारास आली. मग कामाचा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून ते शंभराव्या हिश्शापर्यंत कुठेतरी आहे, असं धरायला हरकत नाही. म्हणजे साधारण 0.0003 ते 0.01. पाच दशकांचा पल्ला दीडवर आला, तोही चहा उकळायच्या आत.

या दीड दशकात आता 16 चिठ्ठ्या काढू. सोबत ड्रॉपआउट हा एक आकडाही शोधू. शिकताना किती टक्के घटक मुद्दाम झोपवायचे, म्हणजे पाठांतर कमी होईल, तो हा आकडा.

```python
lr = 10 ** random.uniform(-3.5, -2)
dropout = random.uniform(0.0, 0.5)
```

चौकटी आखून चार लर्निंग रेट गुणिले चार ड्रॉपआउट का नको? जेम्स बर्गस्ट्रा आणि बेंजिओ यांनी 2012 मध्ये याचं उत्तर दिलं. दोन आकड्यांपैकी एक महत्त्वाचा असतो आणि दुसरा नसतो, आणि कोणता कोण ते आधी माहीत नसतं. चौकटीत 16 चाचण्या करूनही महत्त्वाच्या आकड्याच्या फक्त चार किमती तपासल्या जातात. चिठ्ठ्यांत सोळाच्या सोळा किमती वेगळ्या असतात. शिवाय हिशेब असा, की सगळ्या शक्य जोड्यांतला उत्तम दहावा हिस्सा घेतला, तर 16 चिठ्ठ्यांपैकी निदान एक त्यात पडण्याची शक्यता 81 टक्के भरते. लॅपटॉपवाल्या माणसाला सर्वोत्तम जोडी नकोच असते. उत्तम दहाव्या हिश्शातली कुठलीही त्याला चालते.

पण या 16 चाचण्या पूर्ण चालवल्या तर रात्र त्यातच गेली. म्हणून त्या पूर्ण चालवायच्याच नाहीत. सगळ्या 16 जोड्या 2 इपॉक चालवायच्या. व्हॅलिडेशनवर ज्यांचा लॉस वाईट त्या आठ काढून टाकायच्या. उरलेल्या आठ आणखी 2 इपॉक पुढे न्यायच्या. त्यातल्या चार 8 व्या इपॉकपर्यंत, दोन 16 व्यापर्यंत, एक 32 व्यापर्यंत. एकूण इपॉक 32 अधिक चार वेळा 16, म्हणजे 96. सगळ्यांना 32 पर्यंत नेलं असतं तर 512 लागले असते. एक तास छत्तीस मिनिटं विरुद्ध साडेआठ तास. या पद्धतीला सक्सेसिव्ह हाविंग म्हणतात. हायपरबँड नावाची प्रसिद्ध पद्धत याच्याच वर उभी आहे. अट एकच. थांबवलेली चाचणी जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू झाली पाहिजे. त्यासाठी वेट्सबरोबर अॅडमच्या आतली आकडेमोडही फाइलमध्ये जपून ठेवावी लागते. नुसती वेट्स जपली तर पुन्हा सुरू करताना लॉस एक हिसका खातो आणि शर्यत अन्यायाची होते.

अन्याय तसाही थोडा होतोच, आणि तो एकाच बाजूला होतो. दोन इपॉकनंतरची चाचणी जोरात सुरुवात करणाऱ्यांना झुकतं माप देते. मोठा लर्निंग रेट आणि कमी ड्रॉपआउट पहिल्या दोन मिनिटांत पुढे असतात. छोटा लर्निंग रेट किंवा भरपूर ड्रॉपआउट घेतलेली जोडी विसाव्या इपॉकला त्यांना गाठून मागे टाकू शकली असती, पण तोवर ती बाद झालेली असते. हे घडतंय का ते ओळखायची खूण आहे. चौथ्या इपॉकचा क्रम आणि आठव्याचा क्रम ताडून पाहायचा. उरलेल्यांत उलथापालथ दिसली तर दोन इपॉक अपुरे होते. मी अशा वेळी बाद झालेल्यांतली सर्वात छोट्या लर्निंग रेटची एक जोडी मुद्दाम शेवटपर्यंत चालवून बघण्याच्या बाजूचा आहे. तीस मिनिटं जातात, पण शंका उरत नाही. आणि जिंकलेला लर्निंग रेट पल्ल्याच्या टोकाला, म्हणजे 0.0003 किंवा 0.01 ला चिकटलेला निघाला, तर जिंकला असं समजू नये. पल्ला त्या बाजूला वाढवून पुन्हा चार-पाच चिठ्ठ्या काढायच्या.

राहिलं थांबणं. नेटवर्क शिकत जातं तसा शिकवण्याच्या चित्रांवरचा लॉस उतरतच राहतो. व्हॅलिडेशनवरचा मात्र आधी उतरतो, मग रेंगाळतो, मग चढायला लागतो. तिथून पुढे नेटवर्क अक्षरं शिकत नसतं, लिहिणाऱ्यांचे हात पाठ करत असतं. चढ सुरू झाला की थांबायचं, हे अर्ली स्टॉपिंग. सांगायला सोपं आहे, पण व्हॅलिडेशनचा आलेख गुळगुळीत नसतो. एखाद्या इपॉकला तो उगाच चढतो आणि पुढच्याला आधीपेक्षा खाली जातो. म्हणून पहिल्या चढाला थांबायचं नाही, काही इपॉक धीर धरायचा.

```python
if val_loss < best - 0.001:
    best, wait = val_loss, 0
    save(model)
else:
    wait += 1
    if wait >= 5:
        break
```

इथे धीर 5 इपॉकचा आहे. तो किती असावा? कार्ल्सरूअ विद्यापीठातल्या लुट्झ प्रेखेल्ट यांनी याचा माग घेतला. त्यांनी 12 प्रश्नांवर 1,296 वेळा नेटवर्कं शिकवली. 1998 मध्ये छापलेल्या त्या लेखाचा निष्कर्ष लॅपटॉपवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. उशिरा थांबणाऱ्या नियमांनी निकाल सरासरी 4 टक्क्यांच्या आसपास सुधारला आणि वेळ सरासरी चौपट घेतला. तेव्हाची नेटवर्कं आजच्यापेक्षा फारच लहान होती हे खरं, पण आपलंही काही मोठं नाही. शोधताना धीर 3 ठेवावा, शेवटच्या धावेत 8 किंवा 10. आणि धीर इपॉकमध्ये मोजतो तेव्हा बॅच विसरू नये. 5 इपॉक म्हणजे बॅच 32 ला 11,000 पावलांची सवलत आणि 512 ला 690 पावलांची.

एक बारीक गोष्ट. थांबल्यावर हातात येणारं नेटवर्क शेवटच्या इपॉकचं असतं, सर्वोत्तम इपॉकचं नाही. ते धीराचे पाच इपॉक बिघडलेलं असतं. म्हणून वरच्या तुकड्यात `save` आहे. केरासमध्ये `EarlyStopping` वापरणाऱ्यांनी `restore_best_weights=True` स्वतः लिहावं लागतं, कारण ते आपोआप चालू नसतं. तिथे `patience` ही काही न लिहिल्यास शून्य असतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पुष्कळ जण लर्निंग रेट शेवटाकडे हळूहळू कमी करत नेतात आणि ते चांगलंच आहे. पावलं लहान झाली की नेटवर्क दरीच्या तळाशी स्थिरावतं आणि शेवटचा अर्धा-एक टक्का तिथेच मिळतो. पण 30 इपॉकचा उतार आखला आणि अर्ली स्टॉपिंगने 18 व्यालाच धाव थांबवली, तर तो शेवटचा फायदेशीर भाग आलाच नाही. दोन यंत्रणा एकमेकींचे पाय ओढतात. यातून वाट अशी, की शोधताना लर्निंग रेट स्थिर ठेवायचा आणि थांबण्याची मुभा द्यायची. त्यातून जोडी आणि साधारण इपॉकसंख्या कळते. मग शेवटच्या धावेत तेवढ्याच इपॉकांत लर्निंग रेट शून्याकडे उतरवायचा आणि मध्ये थांबायचं नाही, फक्त सर्वोत्तम वेट्स जपायची.

ती शेवटची धाव एकदा नाही, तीनदा घ्यायची, दर वेळी सुरुवातीची यादृच्छिक वेट्स वेगळी. कारण आकड्यांचा गोंधळ आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. व्हॅलिडेशनवर 98 टक्के बरोबर, म्हणजे 7,820 मध्ये 156 चुका. दुसरी तितकीच चित्रं घेतली असती तर नुसत्या नशिबाने त्या बारा-तेराने इकडेतिकडे झाल्या असत्या. एक जोडी 98.0 आणि दुसरी 98.1 असेल, तर फरक आठ चित्रांचा आहे. त्याच्यावरून पहिली टाकून दुसरी निवडणं म्हणजे नाणं उडवण्यासारखंच. त्यातून सोळांत पहिली आलेली जोडी थोडी नशिबानेही पहिली आलेली असते, म्हणून तिचा व्हॅलिडेशनचा आकडा नेहमीच किंचित फुगलेला असतो. अर्ली स्टॉपिंगने निवडलेला इपॉकही त्याच कारणाने फुगवटा घालतो. खरा आकडा फक्त बाजूला ठेवलेल्या 13,800 चित्रांवर कळतो, आणि तिथे एकदाच जायचं. संग्रह करणाऱ्यांनी आपल्या अधिक खोल नेटवर्कने त्यांच्यावर 98.47 टक्के मिळवले होते. आपला निकाल त्याच्या जरा खाली आला तर ठीक. बराच वर आला तर आनंद करण्याआधी शिकवण्याच्या ढिगात परीक्षेची चित्रं मिसळली नाहीत ना, ते तपासावं.

रात्रीचे निम्मे तास अजून शिल्लक आहेत. ते आणखी 16 चिठ्ठ्यांवर घालवण्यापेक्षा व्हॅलिडेशनमधल्या त्या दीडशे चुका पडद्यावर एकामागून एक बघाव्यात. अर्धा तास पुरतो. ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक वरच्या रेघेच्या तुटकेपणाचा, ‘ड’ आणि ‘ङ’ यांत एका ठिपक्याचा, ‘भ’ आणि ‘म’ यांत एका वळणाचा. 32 ठिपक्यांच्या चित्रात तो ठिपका कधी उरतच नाही. काही चित्रं अशी निघतील की आपल्यालाही वाचता येणार नाहीत. ती वजा केली की नेटवर्कच्या खऱ्या चुका किती उरतात ते दिसतं. उरलेल्या एकाच जोडीच्या आहेत, ठिपकाच हरवल्याच्या, असं दिसलं, तर दोष नेटवर्कच्या रचनेत किंवा चित्रांच्या आकारात आहे. मग तिथे लर्निंग रेट 0.002 ठेवला काय आणि 0.0021 ठेवला काय.